चौथ्या चरणातली जागा

हात थकू लागल्यापासून मृदंगावर बसल्यावर माझे लक्ष लग्ग्यांकडे कमी आणि अभंगाच्या चौथ्या चरणाकडे जास्त असते. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. ही दोन अक्षरे कमी आहेत म्हणूनच शेवटचा स्वर लांबवायला, श्वास घ्यायला आणि मागच्या टाळकऱ्यांना ओळ उचलायला जागा मिळते. लय चढली की आधी हीच जागा खाल्ली जाते. शेवटचे अक्षर तोंडात राहते, टाळांची आस तुटते आणि म्हणणाऱ्याची ओळ संपण्याआधीच मागची रांग सुरू होते. एव्हाना आवाज वाढलेला असतो, म्हणून भजनाला रंग चढला असे सगळ्यांना वाटते. मृदंगवाल्याला तर ते हवेच असते, कारण चढत्या लयीत हात दिसतो. ती हौस माझीही अजून फिटलेली नाही. भजनस्पर्धांनी आणि कर्ण्यांनी मात्र या हौसेलाच कसब ठरवून टाकले, याचे मला वाईट वाटते.

यावर विचारतात, वेगानेच देहभान हरपत असेल तर लय धरून का ठेवायची? गिल्बर्ट रूजे या फ्रेंच अभ्यासकाने १९८०च्या आपल्या ग्रंथात अनेक समाजांतले दाखले तपासले. वाढती लय आणि आवेश वारंवार सोबत आढळतात, हे त्याला मान्य आहे. पण संगीत स्वतःच्या बळावर आवेश आणत नाही, त्या समाजाने त्याला दिलेला अर्थ ते काम करतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. मला तो पटतो. एकाच ठेक्यावर एक वारकरी रडतो आणि शेजारचा शांतपणे टाळ वाजवत असतो. संगीताच्या अभ्यासक ज्युडिथ बेकर यांनी संगीत ऐकणाऱ्या पेंटेकोस्टल भाविकांच्या हृदयाचे ठोके आणि त्वचेतले बदल मोजले, तेही मोलाचे आहे. पण ते एकेका ऐकणाऱ्याचे मोजमाप आहे. दुसऱ्याची ओळ आपण कधी उचलायची, हा गाणाऱ्या समूहाचा प्रश्न त्यातून सुटत नाही.

त्या प्रश्नाच्या जवळ संगीताचे अभ्यासक मार्टिन क्लेटन आणि त्यांचे सहकारी गेले. ब्राझीलमधल्या काँगादो उत्सवात वाजवत निघालेले गट समोरासमोर येतात, तेव्हा दुसऱ्याच्या लयीत न ओढले जाता आपली लय राखणे तिथे प्रतिष्ठेचे असते. तरीही लयी मुळात जवळ असल्या तर कधी कधी त्या जुळून जातात, असे त्यांना आढळले. पालखीच्या वाटेवर पुढच्या दिंडीचा टाळ सतत कानावर पडतो, त्यामुळे ही ओढ आपल्याला ओळखीची आहे. यावर कोणी म्हणेल, समूहाची लय चढणारच, एकटा मृदंग ती कशी अडवणार? जोर लावून ती अडत नाहीच. जोर वाढवला की टाळकरीही जोर वाढवतात. म्हणून चौथा चरण आला की भरीचे बोल सोडून साधा ठेका ठेवावा आणि विणेकऱ्याकडे पाहावे. शेवटचे अक्षर पूर्ण ऐकू आल्यावरच पुढची उठाण घ्यावी.