आधी शेड, मग खोदाई

नाशिकच्या हद्दीवर एका दुमजली बंगल्याचं काम माझ्याकडे होतं. प्लॉट जेमतेम तीन गुंठ्यांचा. साइटवर राहायला दहाएक माणसं येणार होती, त्यात दोन कुटुंबं. आखणी चालू असताना मुकादम म्हणाला, "साहेब, शेड मागच्या भिंतीला लावतो. एक बाजू आयती मिळते, पत्रे वाचतात."

छोट्या साइटवर शेड भिंतीला चिकटते ती या हिशेबानेच. भिंत विटांची, सहा फुटी होती, आणि पलीकडच्या प्लॉटमध्ये जवळपास तितकाच मुरमाचा भराव. मी ओळंबा सोडून पाहिला. भिंत वरच्या टोकाला आमच्या बाजूला दोन बोटं कलली होती आणि तळाशी आडवी भेग होती. कंपाउंडची भिंत आडोशासाठी बांधतात. माती पेलणं तिचं काम नव्हे. पावसात भराव भिजून जड होतो, आणि पाणी निघायला भिंतीत भोकं नसली की मागचा दाब वाढत जातो. जून २०१९ मध्ये कोंढव्यात अशी भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा जीव गेला.

मी शेड पुढे रस्त्याच्या बाजूला घेतली, भिंतीपासून लांब आणि पायाच्या खोदाईच्या काठापासूनही लांब. जमीन मुरूम टाकून फूटभर उचलली, वर कोबा केला. पत्र्याला वायर कुठेही टेकू दिली नाही. सोलून निघालेली एक वायर सगळ्या शेडमध्ये करंट उतरवते.

संडासाचा प्रश्न मालकांशी बोलून सुटला. बंगल्याला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा लागणारच होता. तो शेवटी बांधतात, आम्ही आधी बांधला. त्याला जोडून पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या केल्या, एक बायकांसाठी. आत पाण्याचा ड्रम, दाराला आतून कडी, बाहेर दिवा. यातली एक गोष्ट जरी नसली तरी बायका तिथे जात नाहीत, अंधाराची वाट पाहतात. एक बिगारी ताई म्हणाल्या, "आधीच्या साइटवर आम्ही दिवसा पाणीच पीत नव्हतो." भर उन्हात विटा वाहणाऱ्या बाईने पाणी टाळलं तर चक्कर येते, लघवीची जळजळ सुरू होते. म्हणून पिण्याच्या पाण्याची सोय संडासाशिवाय पुरी होत नाही.

प्यायला टँकरचं पाणी चालणार नव्हतं. ते ज्या टाकीत साठवतात, त्या टाकीत क्युरिंगची बादली आणि सिमेंटचे हात दोन्ही जातात. शेजारच्या नळावरून रोज भरून घ्यायचा, झाकणाचा, खाली तोटी असलेला दोनशे लिटरचा पिंप सावलीत ठेवला. उन्हाळ्यात माणशी पाच लिटर तर नुसतं प्यायला लागतं, उरलेलं स्वयंपाकाला. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पिण्याचं पाणी संडासापासून किमान सहा मीटर दूर ठेवायला सांगितलं होतं, पण तो कायदा दहा मजुरांच्या खालच्या कामांना लागूच नव्हता. अशा साइटवर हे अंतर आखणीच्या दिवशी चुन्याने जमिनीवर पडलं पाहिजे. एकदा खोदाई सुरू झाली, की तीन गुंठ्यांत शेड हलवायला जागा उरत नाही.