भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा

फोन ठेवला तेव्हा माझा हात थरथरत होता. आठ मिनिटांचं बोलणं, आणि त्यातलं शेवटचं वाक्य घरमालक काकांचं होतं : "जमत नसेल तर दुसरी जागा बघा." त्याच्या आधीचं माझं होतं. ते मला रात्रभर ऐकू येत राहिलं.

भांडण ओलीवरून झालं होतं. पुण्यातल्या या फ्लॅटच्या बाथरूमच्या छताला जूनमध्ये एक पिवळसर डाग आला. जुलैत रंगाचे पोपडे सुटले आणि ओल शेजारच्या बेडरूमच्या भिंतीत उतरली. काका मिरजेला राहतात, निवृत्त आहेत, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर प्रवास टाळतात. आठच महिन्यांपूर्वी त्यांनी पदरचे पैसे घालून घर रंगवून घेतलं होतं. त्यामुळे माझ्या तिसऱ्या फोनवर ते म्हणाले, "खिडकी बंद ठेवून गरम पाण्याने आंघोळ केली की वाफ धरतेच. आत कपडे वाळत घालत असाल." मी तिथेच पेटले. म्हटलं, "पुढच्या महिन्याच्या भाड्यातून दुरुस्तीचे पैसे कापून घेईन, कायद्यात आहे तसं." आणि मग ते वाक्य : "तुम्हाला तिकडे बसून नुसतं भाडं मोजता येतं."

सकाळी मी मेसेज लिहायला बसले. पहिला मसुदा असा सुरू झाला : "काल रागात काही अधिकउणं बोलले असेन तर माफ करा, पण…" वाचून माझं मलाच हसू आलं. "असेन तर" कशाला? मी बोलले होते, त्यांनी ऐकलं होतं. आणि "पण"नंतर जे येणार होतं ते कालचंच भांडण होतं, फक्त इस्त्री केलेलं.

म्हणून ठरवलं, दोन वेगवेगळे मेसेज पाठवायचे. एकात फक्त माफी, दुसऱ्यात फक्त ओल. माफी मागायची ती बोलण्याची. छत गळतंय ही गोष्ट मागे घ्यायचं कारण नव्हतं. दोन्ही एकाच मेसेजमध्ये घातलं की माफी दुरुस्ती मिळवण्यासाठी दिलेल्या लाचेसारखी दिसते आणि तक्रार माफीवर टाकलेल्या अटीसारखी.

माफी लिहिण्याआधी एक गोष्ट तपासायची होती : ते कापून घेण्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये कलम 14 आहे. मालकाने दुरुस्ती केली नाही, तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. तोही वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. यातलं ऑफिसातल्या कुणाकडून ऐकलेलं अर्धंच वाक्य मी काकांच्या अंगावर फेकलं होतं. लेखी नोटीस मी दिलीच नव्हती, नुसते फोन केले होते. शिवाय ही सोय भाडेकरूसाठी आहे. माझा कागद लिव्ह अँड लायसन्सचा, अकरा महिन्यांचा. म्हणजे कायद्याच्या भाषेत मी परवानाधारक. माझ्या कामाचं जे काही होतं ते करारातच होतं : रोजच्या वापरातली किरकोळ दुरुस्ती माझी, बांधकामाची आणि नळजोडणीची मोठी दुरुस्ती मालकांची. तो करार मी सही केल्यानंतर त्या सकाळी पहिल्यांदा नीट वाचला.

तेव्हा पहिला मेसेज चारच ओळींचा झाला : "काका, काल मी आवाज चढवला. 'नुसतं भाडं मोजता येतं' हे मी बोलले, ते चूक होतं आणि खोटंही होतं. तुम्ही घर रंगवून दिलंत. भाडं कापण्याची भाषा केली, तसा मला अधिकार नाही. भाडं पाच तारखेला पूर्ण येईल. मनापासून माफी मागते." कारणं दिली नाहीत. ऑफिसचा ताण, मुलाचा ताप, सगळं खरं होतं. पण ते लिहिलं असतं तर समजून घेण्याचं काम पुन्हा त्यांच्यावरच पडलं असतं.

दुसरा मेसेज संध्याकाळी पाठवला. त्यासाठी मला ओलीकडे नीट बघावं लागलं. फोटोत डाग दिसतो, गळती दिसत नाही. मिरजेत बसलेल्या माणसाला तो वाफेचाही वाटू शकतो. एक बरं होतं, डागाच्या कडेने मी दर रविवारी पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालत आले होते. पाच रेघा, पायरीपायरीने बाहेर सरकलेल्या. ओल वाफेची असती तर छतभर बुरशीचे ठिपके दिसले असते, एकाच जागेवरून पसरत जाणारा डाग नव्हे. पावसाची असती तर बाहेरच्या भिंतीला हवी होती, आणि ही भिंत आतली. वरच्या घराच्या भरलेल्या नळाच्या पाइपाची असती तर रात्रंदिवस ठिबकली असती. आमच्याकडे मात्र वरची मंडळी चार दिवस गावाला गेली तेव्हा ठिबकणं थांबलं होतं. ती परतली आणि सकाळी सातनंतर थेंब पुन्हा सुरू झाले. म्हणजे पाणी वापरल्यावर, निचऱ्याच्या वाटेवर कुठेतरी.

एवढं लिहिल्यावर लक्षात आलं, की ज्या दोघांनी काल एकमेकांचा उद्धार केला त्यातल्या कुणाचाच हा दोष नव्हता. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीकडे, घरातल्या बाथरूमची गळती त्या त्या सभासदाकडे. म्हणजे खर्च वरच्यांचा. पण तशी तक्रार सभासदाने करायची, आणि सभासद काका, मी नव्हे. माझी मागणी शेवटी एकाच वाक्यात मावली : "सोसायटीला तुमच्या नावाने पत्र जावं, प्लंबर आणि वरच्यांना बोलवण्याचं मी बघते."

दीड तासाने उत्तर आलं : "पत्राचा मसुदा तुम्हीच करा. शांत असलात की चांगलं लिहिता."

वरच्या काकू भल्या निघाल्या. प्लंबरने त्यांच्या नहाणी ट्रॅपला बोळा लावला, बाथरूममध्ये बोटभर पाणी साठवलं आणि त्यात नीळ घातली. रात्रभर आमच्याकडे काही नाही. म्हणजे फरशीखालचा कोबा शाबूत. सकाळी बोळा काढला, पाणी निघून गेलं आणि अर्ध्या तासात आमच्या छतातून निळसर थेंब पडला. ट्रॅपचा सांधा. चार फरश्या निघाल्या, सांधा बदलला. बिल वरच्यांनी दिलं.

रंग लगेच लावायचा नाही, असं प्लंबरने बजावलं. आत ओल असताना वरून रंग दिला तर पुन्हा पोपडे येतात. भिंत वाळायला निदान दीड-दोन महिने द्यायचे. रविवारी मी अजून रेघ ओढते. आता डाग रेघेच्या आतच राहतो.

काकांचा फोन परवा आला, करार पुढे चालू ठेवण्याबद्दल. बोलून झाल्यावर ते ठेवेनात. मग म्हणाले, "ते दुसरी जागा बघा म्हणालो ना मी. तुमच्यासारखं लिहून पाठवायचं होतं. दोनदा बसलो. नाही लिहवलं हो."