हिंदीत प्रश्न, मराठीत उत्तर

शिक्षक मित्रांनो, ही चूक माझीच आहे, म्हणून सांगते.

माझ्या चौथीच्या वर्गात उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबातला एक मुलगा आहे. त्याच्या आईने एकदा मेसेज केला, "मैडम, बच्चे की शिक्षा की बहुत चिंता है। जवाब मराठी में दीजिए, मुझे सीखना है।" वाचून बरं वाटलं. शाळा सुटायची घाई होती, मी लगेच लिहिलं, "ताई, मुलाच्या शिक्षेची चिंता करू नका, मी लक्ष ठेवते आहे."

त्यांनी ते शेजारच्या काकूंकडून वाचून घेतलं. काकू म्हणाल्या, "अहो, पोराला शिक्षा झालीय की काय?" मग काय! घरी आल्यावर बिचाऱ्याला काही न करता ओरडा बसला. दुसऱ्या दिवशी तो रडवेला होऊन माझ्यापुढे उभा. त्याच्यापुढे काय बोलावं तेच मला सुचेना.

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड. मला हे माहीत नव्हतं का? होतं की! पण लिपी एकच. समोर देवनागरीत शब्द दिसतो, तो ओळखीचा वाटतो आणि आपण त्याला मराठी विभक्ती लावून मोकळे होतो. 'शिक्षेची' असं लिहिलं की वाक्य व्याकरणात बरोबरच दिसतं, म्हणून चूक डोळ्यांना सापडत नाही. उत्तरात 'है' किंवा 'में' राहिलं असतं, तर लगेच खटकलं असतं.

त्याच संध्याकाळी फोन करून मी माफी मागितली आणि नवीन उत्तर पाठवलं, "मुलाच्या शिक्षणाची काळजी करू नका."

आता मी एक करते. मेसेज पूर्ण वाचते, प्रश्न मनात मराठीत म्हणते, आणि हिंदी वाक्य समोर न ठेवता उत्तर लिहिते. परवा त्यांनी विचारलं, "डिब्बा खाली आता है, वह पूरा खाता है क्या?" समोर बघून लिहिलं असतं, तर 'डबा खाली येतो' झालं असतं, म्हणजे डबा वरून खाली! मी लिहिलं, "हो, डबा रिकामा येतो कारण तो सगळं खातो."

लिंगाचंही असंच. हिंदीत किताब स्त्रीलिंगी, नपुंसकलिंग तिथे नाहीच. मग हात 'त्याची पुस्तक' लिहायला जातो. पाठवण्याआधी मी वाक्य मोठ्याने वाचते, 'त्याचे पुस्तक नवे आहे'. कान पकडतो ते डोळा सोडतो.

एखाद्या हिंदी शब्दाचा अर्थ त्या विचारतात, तेव्हा तो शब्द अवतरणात ठेवते, बाकी सगळं मराठीत. काल त्यांचं पहिलं मराठी वाक्य आलं, "मॅडम, माझा मुलाचे पुस्तक मिळाली." मी उत्तर दिलं, "वा ताई! 'माझ्या मुलाचे पुस्तक मिळाले.'"