कट्ट्यावरचा लाल

अकोल्याच्या एका डाळमिलच्या सणावाराच्या जाहिराती मी बाळापुरात बसून करतो. मिलचा रंगपट एका पानाचा आहे. त्यात तुरीच्या कट्ट्यावर छापला जाणारा लाल, डाळीचा पिवळा आणि पांढरा, एवढे तीनच रंग. लालाचा कोड `#7B2D26`. मालक काका कोड वाचत नाहीत, ते कट्टा उचलून चित्राशेजारी धरतात. पोळ्याच्या जाहिरातीत त्यांना आपल्या बाळापूरच्या किल्ल्यासमोर उभा बैल हवा होता आणि त्याच्या पाठीवर मिलच्या लाल रंगाची झूल.

पहिलं चित्र दिसायला झकास होतं. काकांनी कट्टा धरला आणि म्हणाले, "बैल चांगला हाय, पण हा आपला लाल नोहे."

वर्णनावरून चित्र काढणाऱ्या यंत्राला मी कोडच लिहून दिला होता. पुष्कळ चित्रयंत्रांना असा कोड नीट उमगत नाही. ती चित्रं आणि त्यांच्याखालच्या वर्णनांवर शिकलेली असतात आणि माणसं फोटोखाली "लाल झूल" लिहितात, सोळाच्या पायाचा आकडा लिहीत नाहीत. त्यामुळे यंत्र कधी ढोबळ लाल देतं, तर कधी तो कोडच कापडावर अक्षरांत रंगवून ठेवतं. आता काही साधनांत रंगपट भरायची वेगळी जागा असते आणि तिचा उपयोगही होतो. पण चित्रात कुठले रंग असावेत एवढंच तिथं सांगता येतं. कुठला रंग कोणत्या वस्तूला द्यायचा, हे शब्दांतच लिहावं लागतं.

मग शब्द कोणता? मराठीत काय आणि इंग्रजीत काय, बारीक छटांची बहुतेक नावं वस्तूंवरून पडली आहेत आणि इथंच गोची होते. विटकरी म्हटलं की झुलीवर विटांचे सांधे उमटतात. गंजासारखा तांबूस म्हटलं की कापड खरबरीत पत्र्यासारखं दिसू लागतं. डाळीच्या पिवळ्यासाठी सोनेरी लिहिलं तर धातूची चकाकी आलीच, आणि मोहरीचा पिवळा मागितला तर मागं मोहरीचं शेत फुललं. पोळ्याला, श्रावणी अमावस्येला! म्हणून मी वस्तूची नावं टाळतो आणि रंगाला तीन प्रश्न विचारतो: तो कोणत्या शेजारी रंगाकडे झुकतो, किती गडद आहे आणि किती मळका.

याची उत्तरं मोजून मिळतात. छायाचित्र दुरुस्तीच्या पुष्कळ प्रोग्रॅममध्ये रंगछटा, तीव्रता आणि उजळपणा असे तीन आकडे दिसतात. मिलच्या लालाचे HSL पद्धतीनं आकडे असे: छटा 5 अंश, तीव्रता 53 टक्के, उजळपणा 32 टक्के. पहिल्या चित्रातली झूल `#A83A22` निघाली, म्हणजे छटा 11 अंश, तीव्रता 66, उजळपणा 40. काकांना "आपला नोहे" वाटलं त्याचं कारण आता समोर होतं. झूल नारिंगीकडे सहा अंश सरकली होती, जास्त भडक झाली होती आणि उजळही. तेव्हा वर्णनात तीन दुरुस्त्या हव्या होत्या: जास्त गडद, थोडा मळका, तपकिरीकडे झुकलेला.

मोजताना मात्र एकाच ठिपक्यावर नळी टेकवू नये. झुलीच्या चुणीत रंग काळवंडतो आणि उंचवट्यावर फिकटतो. सपाट, मध्यम उजेडातली जागा निवडायची आणि आजूबाजूच्या निदान अकरा गुणिले अकरा ठिपक्यांची सरासरी घ्यायची. रंगपटातला कोड सपाट छपाईचा असतो, तर कापडावर उजेड पडला की एकाच रंगाचे शंभर होतात. त्यामुळे अख्खी झूल कोडाबरहुकूम असावी ही अपेक्षाच चुकीची. मधली छटा जुळली की मी पुढं जातो. कट्ट्यावरचं चिन्ह आणि मिलच्या नावाची पट्टी मी यंत्राकडून कधीच काढून घेत नाही. त्या मूळ फाइलीतून वर बसवतो, कारण तिथं रंग इंचभरही हलता कामा नये.

किल्ल्यानं वेगळाच घोळ घातला. आपला बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाजवळच्या उंचवट्यावर आहे आणि त्याचं बांधकाम विटांचं. यंत्राला बाळापूर ठाऊक नाही. "विटांचा किल्ला" म्हटल्यावर त्यानं राजस्थानी थाटाचा लाल दगडी गड उभा केला, आणि त्या भिंतीचा तांबूसपणा झुलीत, बैलाच्या शिंगांत, इतकंच काय ढगांतही पसरला. एका वस्तूचा रंग दुसरीत असा झिरपतो तेव्हा झुलीचं वर्णन कितीही नेमकं केलं तरी ती हलत नाही. कसं ओळखायचं? भिंतीचा शब्द काढून बाकी वर्णन तसंच ठेवायचं आणि पुन्हा चित्र काढायचं. झुलीची छटा जागेवर आली की दोष भिंतीचा. इथं तसंच झालं. मग मी बैलामागं फिकट करडी भिंत मागवली आणि आमच्या किल्ल्याचा मी काढलेला खरा फोटो नंतर मागं जोडला. खोट्या गडापेक्षा तो गावातल्या लोकांना ओळखूही आला, ही वरकड कमाई.

उजेडाकडेही बघावं लागलं. जाहिरातवाल्यांना संध्याकाळचं सोनेरी ऊन फार आवडतं, पण ते लालाला नारिंगीकडे ओढतं. पोळ्याला आपल्याकडे आभाळ बहुधा भरलेलंच असतं, तेव्हा ढगाळ उजेड मागणं खरंही होतं आणि सोयीचंही. "नारिंगी नको" असं मात्र वर्णनात लिहिलं नाही, कारण बऱ्याच यंत्रांत त्यातला "नको" निसटतो आणि नारिंगी तेवढं उरतं. जे हवं तेच लिहायचं. नकोशा गोष्टींसाठी साधनात वेगळा रकाना असेल तर त्या तिथं टाकायच्या. शेवटी वर्णन असं झालं:

```
bullock wearing a plain matte cotton cloth,
deep muted red leaning slightly brown;
flat overcast daylight; pale grey wall behind
```

रंग आणि वस्तू एकाच वाक्यांशात, शेजारी-शेजारी ठेवली. रंग वाक्याच्या टोकाला गेला की तो कोणालाही जाऊन चिकटतो. या वर्णनावरून बरीच चित्रं निघाली. सगळी जुळली नाहीत, कारण तेच शब्द दिले तरी दर खेपेला चित्र वेगळं येतं. चांगल्यातल्या एका चित्रातली झूल `#80302A` मोजली: छटा 4 अंश, तीव्रता 51, उजळपणा 33. उरलेला फरक झुलीपुरती निवड करून हातानं सरकवला. शब्दांनी इतकं जवळ आणलं की हाताचं काम दोन-चार घडीचं राहतं. पण छटा वीस-पंचवीस अंश लांब असेल तर मी ते चित्र सोडून देतो. ओढून आणलेला रंग कडांना उघडा पडतो आणि सावल्या मेल्यासारख्या दिसतात.

काकांनी कट्टा धरला. मोबाइलवर लाल बरोबर आला, मात्र मी आधी फोनची रात्रीची पिवळी झाक बंद करायला लावली होती. फ्लेक्सवर तोच लाल जरासा काळपट उतरला. तिथं शाईचं गणित वेगळं, आणि ते वर्णनानं सुटणारं नाही. म्हणून छापणाऱ्याकडून आधी हातभर तुकडा काढून आणला आणि कट्ट्याला लावून मगच पुढचं छापलं.

आता दिवाळीची मागणी आली आहे. डाळीचा पिवळा आणि पणत्या, दोन्ही एकाच चित्रात हवेत. पणतीच्या उजेडात पिवळा निम्मा केशरी होणार, हे काकांना आधीच सांगितलंय. त्यांनी दिवसाउजेडीची, अंगणात डाळ वाळत घातलेली दिवाळी मान्य केली आहे.