बाबांचं दुकान आणि १८७ पोस्टी

मागच्या आठवड्यात लातूरहून धाकट्याचा फोन आला. "ताई, ते दुकानाचं जुनं फेसबुक पेज सगळं पुसून टाक बरं. काल एक गिऱ्हाईक २०१७ चा भाव दाखवून भांडून गेलं."

पाण्याच्या टाक्या आणि मोटारी विकायचं आमचं छोटंसं दुकान. पेज २०१४ साली मीच बाबांना उघडून दिलं होतं, त्यामुळे त्याची किल्ली इथे नांदेडमध्ये माझ्याकडेही होती. बाबा २०१९ मध्ये गेले आणि पेज तिथंच थांबलं. धाकटा दुकान सांभाळतो, पण त्याला पोस्टी टाकायचा कंटाळा. असो.

रात्री जेवणं आटोपल्यावर बसले. एकूण १८७ पोस्टी! आधी पेजची सगळी माहिती उतरवून घेतली, फोटोंसकट. कारण कचऱ्यात टाकलेली पोस्ट ३० दिवस परत आणता येते, त्यानंतर ती गेली ती गेलीच. खालच्या प्रतिक्रियाही तिच्याबरोबर जातात. अर्काइव्हचं तसं नाही. ती पोस्ट लोकांना दिसेनाशी होते, पेज चालवणाऱ्याला मात्र प्रतिक्रियांसकट दिसते, आणि परत काढली की आपल्या जुन्या तारखेलाच जाऊन बसते. म्हणजे माळ्यावर ठेवणं आणि भंगारवाल्याला देणं, एवढा फरक.

पहिल्या ९० पोस्टींना विचार लागला नाही. दिवाळीच्या शुभेच्छा, संक्रांतीचे तिळगूळ, तोच फोटो दरवर्षी. काढून टाकल्या. मग भावाच्या पोस्टी. त्यांच्या बाबतीत मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: ही पोस्ट आज कुणी पाहिली तर तो फसेल का? जुना भाव, जुना पत्ता, बंद पडलेला फोन नंबर असेल तर ती समोर नको.

मग आलं २०१६.

तुम्हाला आठवत असेल ते वर्ष. मांजरा धरण आटलेलं, पाणी भरायच्या जागी जमावबंदी. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. बाबांनी स्टेशनावर जाऊन तिचा फोटो काढला होता, जरासा हललेला. तो ठेवला. त्यात कुणाची फसवणूक नाही, आणि दुकान कोणत्या गावचं आहे ते त्यातून कळतं.

त्याच महिन्यात बाबांनी एका कागदाचा फोटो टाकला होता. टाकीसाठी नंबर लावलेल्यांची यादी, नावं, गल्ली आणि मोबाईल नंबर. त्या घाईत कुणाला काही वाटलं नसेल. पण ते नंबर लोकांचे, आपले नव्हेत. ही पोस्ट अर्काइव्हमध्येसुद्धा ठेवायची नाही म्हणून सरळ कचऱ्यात टाकली, आणि ३० दिवसांची वाट न बघता तिथूनही काढली. उतरवलेल्या फायलींमधूनही तो फोटो शोधून पुसला. हे विसरायला होतं बरं का, पोस्ट जाते आणि नक्कल आपल्याच कॉम्प्युटरवर राहते.

आणि मग ती पोस्ट. १००० लिटरच्या टाकीचा फोटो आणि भाव. खाली एका गिऱ्हाइकाने लिहिलं होतं, "मागच्या महिन्यात २०० रुपये कमी होते. दुष्काळात लुटता का?" धाकटा म्हणत होता ती हीच, पहिली पुसायची. मी खाली सरकले. बाबांचं उत्तर होतं, नेहमीसारखं अर्ध्या चुकांसह: "तुमचं बरोबर आहे. आम्हाला जुन्या मालाला नवा भाव लावायला नको होता. २०० रुपये घेऊन जा. बाकीच्यांनी पण पावती घेऊन या."

मला हे ठाऊकच नव्हतं. बाबा घरी कधी बोलले नाहीत. पुसलं असतं तर तक्रारीबरोबर माफीही गेली असती.

धाकट्याला फोन लावला, वाचून दाखवलं. बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "पण तो भाव दिसतोय ना ताई." त्याचंही खरं होतं. खालच्या प्रतिक्रिया ठेवायच्या आणि वरचा फोटो तेवढा बदलायचा, असं काही मला जमलं नाही. शेवटी ती अर्काइव्ह केली. लोकांना जुना भाव दिसणार नाही, आम्हाला बाबा दिसतील.

१८७ पैकी २२ उरल्या. सगळ्यात वर नवा पत्ता, नवा नंबर आणि "भाव दुकानात विचारा".

काल धाकट्याचा मेसेज आला. अर्काइव्हमधल्या त्या पोस्टचा फोटो त्याने छापून गल्ल्यामागे लावलाय. गिऱ्हाइकाला दिसत नाही. बसणाऱ्याला दिसतो.