रजा वाढवताना

पहिला अर्ज लिहिणं सोपं होतं. ताप 103 होता आणि रक्ताच्या तपासणीत चिकुनगुनिया निघाला होता. तो रिपोर्ट जोडल्यावर कुणी काही विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, पंधरा-वीस दिवसांत कामावर जाल. ताप आठवड्याच्या आत उतरलाही, पण सांधे काही सुटले नाहीत. सकाळी मनगटं आणि बोटं इतकी आखडलेली असतात की कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. या आजारात काहींची सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळते हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं. कुणाची रेंगाळेल, हे मात्र पहिल्या आठवड्यात कोण सांगणार?

ताप निदान मोजता तरी येतो. भेटायला येणारे आता “तोंडावर तेज आलंय की!” म्हणतात आणि मला उगाचच खजील व्हायला होतं.

त्यात मी सरकारी कार्यालयात आस्थापनेचं टेबल सांभाळते. मुदतवाढीच्या अर्जात पहिल्यांदा काय बघतात, ते मला माहीत आहे: तारखा. आधीची रजा ज्या दिवशी संपते, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नवं वैद्यकीय प्रमाणपत्र सुरू व्हायला हवं. मधला एक दिवस सुटला, तर तो अनधिकृत गैरहजेरीत जाऊ शकतो, आणि मग खुलासे लिहीत बसा. म्हणून रजा संपायच्या आधीच अर्ज आवक नोंदवहीत पडलेला बरा.

मग शिल्लक. आजारपणात आम्ही बहुधा परिवर्तित रजा मागतो, कारण तिला पूर्ण पगार मिळतो. पण तिच्या एका दिवसामागे अर्धवेतनी रजेचे दोन दिवस खात्यातून जातात. समजा, खात्यावर 60 अर्धवेतनी दिवस होते. 20 दिवसांच्या पहिल्या रजेत 40 गेले. उरलेल्या 20 मध्ये परिवर्तित रजा बसते फक्त 10 दिवसांची. पुढचे दिवस अर्जित रजेतून काढायचे. मुलीच्या परीक्षेसाठी, गावच्या घराच्या कामासाठी जपून ठेवलेली रजा ती हीच. हा हिशेब दुसऱ्यांसाठी कितीदा मांडला असेल. स्वतःचा मांडताना पेन्सिल धरवत नव्हती, तेव्हा नवऱ्याला आकडे सांगितले.

डॉक्टरांनी विचारलं, “दहा दिवस लिहू की वीस?”

मनात दहा आलं होतं. पण मूठ पूर्ण वळत नाही, कपाटाची किल्ली फिरत नाही. आणि वैद्यकीय रजेवरून हजर व्हायचं तर कामास पात्र असल्याचं प्रमाणपत्रही यांनीच द्यायचं. दहा दिवसांत ते मिळालं नाही, तर तिसरा अर्ज. उलट लवकर बरं वाटलं, तर साहेबांची परवानगी घेऊन रजा संपण्याआधीही हजर होता येतं.

“वीस लिहा,” मी म्हटलं, “आणि तारीख एकोणीसपासून टाका, विसापासून नको.”

डॉक्टर हसले. “पेशंट तुम्ही आहात की क्लार्क?”

सही झाल्यावर मी तारीख पुन्हा एकदा वाचून घेतली.