रेनकोट सप्टेंबरमध्ये, पण टेप घेऊन

नाशकात पावसाळा आणि थंडी, दोन्हींची सोय करावी लागते. पाच माणसांच्या घरात रेनकोट आणि स्वेटर ऐन हंगामात घ्यायचे म्हटले की महिन्याचे गणित कोलमडते. म्हणून आमच्याकडे मोठ्यांचे रेनकोट सप्टेंबरमध्ये आणि जॅकेट जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत घेतले जातात. त्या वेळी दुकानदाराला पुढच्या हंगामाच्या मालासाठी जागा हवी असते, अडकलेले पैसे मोकळे करायचे असतात आणि तो भाव खाली आणतो.

मात्र तोवर मधली मापे संपलेली असतात. उरतात ती अगदी लहान किंवा अगदी मोठी. दुकानदार म्हणतो, "ताई, थोडा ढगळ आहे, पण रेनकोट ढगळच चांगला." यात अर्धेच खरे आहे. छातीत ढगळ चालतो, पण बाही आखूड असेल तर तो ढगळपणा काही कामाचा नाही.

मी घरातल्या जुन्या, पण नीट बसणाऱ्या रेनकोटाची मापे वहीत लिहून ठेवते. तो जमिनीवर सपाट पसरायचा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची रुंदी, मानेच्या मागच्या मध्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंतची लांबी आणि पँटची आतली शिवण, एवढी तीन मापे पुरतात. मिस्टरांची मापे पंचवीस, पस्तीस आणि तीस इंच आहेत. गेल्या सप्टेंबरमध्ये दुकानात एक्सएल लिहिलेला एक रेनकोट होता. त्याची छाती सव्वीस इंच भरली, पण बाही तेहतीसच. दुसऱ्या कंपनीचा नुसता एल होता. त्याची छाती पंचवीस, बाही साडेपस्तीस आणि पँट एकतीस इंच. तोच घेतला. जूनमध्ये १,४५० रुपये सांगितलेला तो रेनकोट ८५० रुपयांत मिळाला. लेबलवरच्या अक्षरांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, टेपचा इंच सगळीकडे सारखाच.

टेपने न कळणारी एक गोष्ट राहते. आरशासमोर उभे राहून रेनकोट नेहमी छानच दिसतो. स्टुलावर बसून, गुडघे वाकवून, हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करायचे. बाही मनगटावरून मागे सरकते का, पाठीत ओढ बसते का, पँटची कड घोट्याच्या वर जाते का, ते तिथेच दिसते. बुरखा घालून मागे बसणाऱ्या बहिणींनी तो घालूनच रेनकोट चढवून पाहावा. घेर आत नीट मावला पाहिजे. बाहेर लोंबणारा काठ चाकात अडकू शकतो, तिथे सवलत पाहत बसू नये.

जॅकेटची गंमत उलटी आहे. फेब्रुवारीच्या दुपारी आपण पातळ कपड्यांवर ते घालून बघतो आणि अगदी मापाचे वाटते. डिसेंबरच्या पहाटे आत स्वेटर आला की चेन लागत नाही. म्हणून पिशवीत स्वेटर घेऊनच जावे, मग दुकानातले लोक हसले तरी चालेल.

मुलांचा हिशेब मात्र वेगळा. सहा ते दहा वर्षांचे मूल साधारण वर्षाला दोन-सव्वादोन इंच वाढते. सप्टेंबर ते जून या नऊ महिन्यांत म्हणजे दीड-पावणेदोन इंच. तेवढ्यासाठी एक माप मोठे पुरते, मनगटाला इलॅस्टिक किंवा चिकटपट्टी असली म्हणजे झाले. टोपी डोळ्यांवर येत असेल तर मात्र नको, रस्ता ओलांडताना मुलाला बाजूचे दिसत नाही. मुली साधारण दहा-अकराव्या वर्षी आणि मुले बारा-तेराव्या वर्षी झपाट्याने वाढू लागतात, तेव्हा एका वर्षात तीन-साडेतीन इंचही उंची वाढते. या वयात सवलतीतला रेनकोट म्हणजे जुगारच. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाचा मी जूनमध्येच, पूर्ण भावाने घेते. गमबुटांचेही तसेच, मोठा बूट पायात सरकतो आणि टाचेला फोड येतात.

घेतल्यावर रेनकोट कपाटात टाकून जूनची वाट बघू नये. बदलून देण्याची मुदत थोड्या दिवसांची असते, दोष कळेल तो नऊ महिन्यांनी. त्याच रात्री मोरीत पँट बसण्याच्या जागी खोलगट धरून त्यात तांब्याभर पाणी ओतावे आणि दहा मिनिटे थांबावे. तिथल्या शिवणीवर सर्वांत जास्त ताण येतो, गळती पहिल्यांदा तिथेच लागते. आतून शिवणीवर चिकटवलेली पट्टी कुठे सुटली आहे का, तेही बघून घ्यावे. मग पूर्ण वाळवून, इस्त्री न लावता, घडी न घालता हँगरवर टांगावा. ओलसर घडीत ठेवलेल्या रेनकोटाचे आतले अस्तर चिकट होऊन सुटू लागते. मे महिन्यात पुन्हा एकदा उघडून, अंगावर घालून पाहावा.